बजेटच्या आधी गुडघ्यांबद्दल लिहा

“तुमच्या सहली इतक्या निवांत कशा होतात? ट्रॅव्हलवाल्याला मेलमध्ये नेमकं काय लिहिता?”

तुम्ही विचारलंत म्हणून दार्जिलिंगच्या वेळची गोष्ट सांगते. तेव्हा मी दोन मेल पाठवले होते, आणि दोन्हींना आलेली उत्तरं अगदी वेगळी होती.

पहिल्यात लिहिलं होतं: पाच जण, सात रात्री, निवांत हवं, बजेट मध्यम. उत्तरात चार हॉटेलं आली आणि सिक्कीममधल्या लाचेनहून पहाटे निघून गुरुडोंगमार तलाव. तो तलाव पाच हजार मीटरहून उंचावर आहे. माझ्या सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या, इन्सुलिन घेणाऱ्या. ट्रॅव्हलवाल्याची चूक नव्हती. त्याला हे कळायला मी काही लिहिलंच नव्हतं.

त्याचा सगळा हिशोब गाडीचे तास, खोल्यांच्या रात्री आणि ठिकाणाची उंची यांवर चालतो. ‘निवांत’ हा शब्द त्यात कुठे बसवायचा? म्हणून दुसरा मेल मी त्याच्या मापांत लिहिला.

आधी सासूबाई. “एका वेळी वीसपेक्षा जास्त पायऱ्या नकोत. खोली तळमजल्यावर हवी, नाहीतर लिफ्ट हवी.” हे खास लिहायला हवं, कारण दार्जिलिंग उतारावर वसलंय, रस्त्याच्या पातळीवरचं स्वागतकक्ष पाहून फसायला होतं, खोली दोन मजले खाली निघू शकते. “खोलीत फ्रिज हवा, रात्रीचं जेवण आठच्या आत हवं. मांसाहारी हॉटेलात जेवायला हरकत नाही, पण त्या स्वतः शाकाहारी आहेत. अडीच हजार मीटरच्या वर मुक्काम नको.” मग धाकटा: “घाटात त्याला उलट्या होतात. दर तासाला थांबायला हवं. दिवसाला चार तासांपेक्षा जास्त गाडी नको.”

आवडी मी विशेषणांत लिहिल्याच नाहीत, मागच्या सहली लिहिल्या. महाबळेश्वरला दोन दिवसांत नऊ पॉइंट पाहिले, मुलांना आज एकही आठवत नाही. दापोलीला एकाच घरात चार दिवस राहिलो, तिथली विहीरसुद्धा आठवते. एवढ्यावरून त्याला आमची चाल कळली.

बजेटला एकच आकडा लिहून भागत नाही. आम्ही लिहिलं: विमानभाडं सोडून 1,20,000 रुपये. दोन खोल्या, सात रात्री, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून खोलीमागे 4,500; म्हणजे 63,000. गाडी दिवसाला 5,000 प्रमाणे 35,000. उरलेल्या 22,000 मध्ये दुपारची जेवणं, तिकिटं आणि अडीअडचण. शिवाय विचारलं, की गाडी दिवसभर आमच्याकडे राहणार, की एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी फक्त सोडणार? दोन्हींचे दर वेगळे असतात, आणि हे आधी ठरलं नसेल तर तिथे गेल्यावर रोज घासाघीस होते.

शेवटी स्वप्न, कोणाचं ते सांगून. “सासूबाईंना अंथरुणावर बसून चहा पिताना कांचनजंगा बघायचाय. सूर्योदय बघायला टायगर हिलला पहाटे चारला नेऊ नका.” त्यावर ट्रॅव्हलवाल्याचा फोन आला. म्हणाला, “ताई, ढग माझ्या हातात नाहीत, पण तुम्हाला किती सकाळी मिळतील ते माझ्या हातात आहे.” त्याने नोव्हेंबर सुचवला, कारण पावसाळ्यानंतर हवा स्वच्छ असते, आणि डोंगराकडे तोंड असलेल्या खोलीत चार रात्री दिल्या. खोली थोडी महाग होती, म्हणून आम्ही दोन दिवस गाडीच घेतली नाही. एक दिवस मुलं टॉय ट्रेनने घूमपर्यंत जाऊन आली, एक दिवस मॉल रोडवर बसून काढला.

उरलेल्या तीन रात्रींसाठी त्याला सिक्कीममधलं पेलिंग आवडत होतं, तिथून शिखर जास्त जवळ दिसतं. पण पेलिंगहून बागडोगरा विमानतळ चार तासांत होत नाही. इथे मेलमधलं एक वाक्य उपयोगी पडलं: “काही जुळेना तर आधी ठिकाण गाळा, गाडीचे तास वाढवू नका.” त्याने पेलिंग गाळलं आणि कालिम्पाँग दिलं. ते दार्जिलिंगहून सातआठशे मीटर खाली आहे, ऊब जास्त, आणि विमानतळही आमच्या मर्यादेत. मला पेलिंगची हळहळ वाटली, अजून वाटते. धाकट्याला मात्र परतीच्या वाटेवर एकदाही उलटी झाली नाही.

पहिल्या दोन सकाळी खिडकीबाहेर नुसतं पांढरं होतं. तिसऱ्या दिवशी सहाच्या सुमारास सासूबाईंनी आमच्या खोलीचं दार वाजवलं. आम्ही गेलो तेव्हा शिखर गुलाबी झालं होतं आणि त्या पाय पोटाशी घेऊन, शालीत, कप हातात धरून बसल्या होत्या. चहा तसाच गार झाला. चौथ्या सकाळी परत ढग.