फोटोत काटा चाळीसवर होता

रविवारी संध्याकाळी पावणेसहाला व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. खाली ना नमस्कार, ना प्रश्न. मीटरच्या काचेवर लाल वर्तुळ, त्यात उद्गारचिन्ह. ब्रेकचा दिवा.

कोल्हापुरात गॅरेज चालवताना असे मुके फोटो आठवड्याला चार-पाच येतात. या दिव्याला माझं ठरलेलं उत्तर असायचं, 'हँडब्रेक पूर्ण खाली करा.' दहातल्या बऱ्याच वेळा ते बरोबरही निघतं. पण काही वर्षांपूर्वी तेलाच्या लाल किटलीचा फोटो बघून मी 'उद्या सकाळी आणा' लिहून मोकळा झालो होतो. मला वाटलं, इंजिन बंद असताना नुसती चावी फिरवून काढलाय. तेव्हा तो दिवा लागतोच. इंजिन चालू होतं. वीस किलोमीटरवर ते जाम झालं. तेव्हापासून मी आधी दिवा बघत नाही, बाकीचा फोटो बघतो.

या फोटोत स्पीडचा काटा चाळीसवर होता. म्हणजे गाडी पळत होती आणि कुणीतरी शेजारून फोटो काढला होता. उत्तर टाइप केलं असतं तर ते कदाचित चालवणाऱ्यानंच वाचलं असतं. मी फोन लावला. दोनदा लागलाच नाही, तिसऱ्यांदा वहिनींनी उचलला.

"वहिनी, कुठं आहात?"

"आंबा घाट उतरतोय. सर विचारतायत, तो दिवा..."

"दिव्याचं नंतर. फोन स्पीकरवर ठेवा, सरांनी रस्त्यावरून नजर काढायची नाही. सर, पेडल कसं लागतंय?"

"जरा खाली जातंय. दोनदा दाबलं की वर येतं."

इथं माझ्या पोटात गोळा आला. हँडब्रेक थोडा वर राहिला असता तर पेडल असं खाली गेलं नसतं. ब्रेक ऑइल कमी होऊन लाइनीत हवा शिरली, की ते असं वागतं. कारण काहीही असो, साखरप्यापर्यंत नुसता उतार होता.

"न्यूट्रल करायचं नाही, चावी बंद करायची नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा आणि एकेक करत दुसऱ्या गिअरवर या. इंजिनला धरू द्या गाडी."

चावीचं मी मुद्दाम सांगतो. घाबरून इंजिन बंद केलं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, स्टिअरिंगही जड होतं. मग वळण संपून रस्ता रुंद होईल तिथं कडेला घ्यायला सांगितलं; वळणावरच थांबलं तर मागून येणारा ट्रक आपल्याला बघेपर्यंत उशीर होतो. थांबताना पेडल दोन-तीनदा दाबून, हँडब्रेक हळूहळू ओढून. थांबल्यावर रिव्हर्स गिअर, कारण तोंड उताराकडं. पुढच्या चाकांना दगड. पोरं बाहेर, रस्त्यापासून लांब, गाडीच्या पुढं कुणी नाही. चारी इंडिकेटर चालू, त्रिकोण मागं वळणाच्या अलीकडं.

"लावले दगड?" मी दोनदा विचारलं. सर जरा वैतागले, पण लावले.

मग बॉनेट. ब्रेक ऑइलच्या पांढऱ्या डबीवर MIN आणि MAX अशा दोन रेघा असतात. तेल MIN च्या बरंच खाली होतं. नुसते पॅड झिजले तरी पातळी सावकाश उतरते, म्हणून तेवढ्यावर निदान होत नाही. चारही चाकं आतून बघायला लावली. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला टायर ओला होता.

"साखरप्यात तेल मिळेल, ओतून जातो की रत्नागिरीला," सर म्हणाले.

गळक्या बादलीत पाणी ओतून विहीर गाठायची असा तो प्रकार. मी टो गाडी पाठवली.

दुसऱ्या दिवशी ड्रम काढला तेव्हा व्हील सिलिंडरचं रबर फाटलेलं दिसलं आणि तेल थेट लायनरवर आलेलं, बोट लावलं तर बुळबुळीत. हँडब्रेकही त्याच लायनरना दाबतो, म्हणजे घाटात तो मागच्या एकाच चाकाला नीट धरून होता. दगडांसाठी दोनदा का विचारलं ते सरांना तिथंच दाखवलं. ब्रेकच्या लाइनी दोन वेगळ्या असतात, म्हणून एक गळूनही अर्धा ब्रेक शिल्लक होता.

सर लायनरकडं बघत म्हणाले, "चार दिवस वळणावर लागायचा आणि सरळ रस्त्यावर विझायचा. मला वाटलं, वायर लूज असेल."

वळणावर डबीतलं तेल एका बाजूला सरकतं, आतला तरंगता बोंडा खाली जातो आणि दिवा लागतो. पातळी काठावर आली की तो असाच लपंडाव खेळतो. सरळ रस्त्यावरही विझेनासा झाला, तेव्हा वहिनींनी फोटो काढला होता.

गेल्या बुधवारी त्यांचा पुन्हा फोटो आला, तसाच मुका. मीटरवर सगळे दिवे लागलेले, दोन्ही काटे शून्यावर. तरी फोन लावलाच.

"काही नाही हो, मुलीची नवी गाडी. तुम्हाला दाखवायला पाठवला."