ताप, चोंदलेलं नाक आणि कोरडं पडलेलं तोंड

आईला फ्ल्यू झाला तेव्हा तापापेक्षा तिला जास्त छळलं ते तोंडाच्या कोरडीने. नाक दोन्हीकडून चोंदलेलं, त्यामुळे रात्रभर उघड्या तोंडाने श्वास. पहाटे जाग आली की जीभ टाळूला चिकटलेली असायची, लाळ तारेसारखी लांबायची आणि खालच्या ओठाला मधोमध पडलेली भेग तोंड उघडताच पुन्हा उलायची. "पाणी पिऊन पोट डबडबलंय, तरी तोंड कोरडंच," असं ती चिडून म्हणायची. घरात मात्र सगळ्यांचा एकच घोषा होता, अंगातलं पाणी कमी झालंय, आणखी पाजा.

डॉक्टरांनी जीभ बघितलीच, पण मग चमच्याने गाल हलकेच बाजूला करून गाल आणि हिरडी यांच्यामधली खाच बघितली. तिथे ओल होती. म्हणाल्या, "तोंडाने श्वास घेणाऱ्याची जीभ कोरडी दिसणारच, सगळा वारा तिच्यावरून जातो. ही खाच आणि जिभेखालचा भाग त्या वाटेवर येत नाही. तिथेही कोरडं असेल तर पाणी कमी पडल्याचा संशय घ्यायचा." मग त्यांनी लघवीचं विचारलं. आईला ती वेळेवर आणि फिकट पिवळी होत होती. गडद आणि अगदी थोडी होत असती, किंवा उठताना चक्कर येत असती, तर प्रश्न वेगळा होता. एकाच खुणेवर निकाल द्यायचा नाही, असंही त्यांनी बजावलं. म्हणजे आईच्या शरीरात पाणी पुरेसं होतं, वाळत होतं ते फक्त तोंड. ग्लासावर ग्लास पाजून तिच्या रात्रीच्या लघवीच्या फेऱ्या वाढत होत्या, जिभेला त्याचा काही फायदा नव्हता.

नाकातून श्वास घेतला की आत जाणारी हवा दमट होते आणि बाहेर पडताना त्यातली काही ओल नाकच परत धरून ठेवतं. तोंडाला हे नीट जमत नाही. त्यात झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि तापात श्वास जलद चालतो. आईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली. सर्दीची जी गोळी ती रात्री घेत होती, ती नाकाचं वाहणं कमी करते तशी लाळही कमी करते. तिचं नाक वाहत नव्हतं, चोंदलं होतं, म्हणून डॉक्टरांनी ती गोळी बंद करायला सांगितली.

त्यामुळे खरं काम नाकापासून सुरू झालं. झोपण्यापूर्वी सलाइनचे थेंब प्रत्येक नाकपुडीत टाकायचे, थोडा वेळ थांबायचं आणि मग एकेक नाकपुडी हलकेच शिंकरायची. उशा रचून डोकं आणि पाठ दोन्ही वर. नाक मोकळं करणारे औषधी थेंबही मिळाले होते, पण ते मोजक्या दिवसांपुरतेच, कारण लांबवले तर तेच थेंब नाक पुन्हा चोंदवतात. साध्या सलाइनला ती अडचण नाही.

पाणी बंद केलं नाही, पद्धत बदलली. जागी असेपर्यंत दर थोड्या वेळाने दोन-तीन घोट, आणि गिळण्यापूर्वी ते तोंडभर फिरवायचे. पुरेसं होतंय की नाही याचं माप लघवीचा रंग. मी ओआरएसबद्दल विचारलं. उलट्या-जुलाब नसतील आणि थोडंफार खाणं चालू असेल तर साधं पाणी आणि पातळ पदार्थ पुरतात, असं उत्तर मिळालं. द्यायचंच झालं तर पाकिटावर लिहिलेल्या पाण्यात अख्खं पाकीट मिसळायचं, अंदाजाने अर्धं नाही. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा सांगितलेली असते, त्यांनी तापातही ती डॉक्टरांना विचारूनच ओलांडावी.

आता तोंड स्वच्छ ठेवणं. "ताप उतरला की घासेन दात," हे आईचं म्हणणं मी ऐकलं नाही. लाळ तोंड सतत धूत असते, ती आटली की जिभेवर थर साचतो, वास येतो आणि जंतूंचं फावतं. लहान मुलांचा अगदी मऊ ब्रश घेतला, पेस्ट वाटाण्याएवढी. तीव्र चवीची पेस्ट झोंबायची, म्हणून सौम्य आणली. जिभेवरचा थर खरवडला नाही, ओल्या ब्रशने मागून पुढे हलकेच काढला. खाल्ल्यानंतर कोमट पाण्याच्या ग्लासात अर्धा छोटा चमचा मीठ घालून चूळ, पण ओठाची भेग ताजी होती तेव्हा नुसत्या पाण्याची. बाजारातला अल्कोहोल असलेला माउथवॉश बाजूला ठेवला, त्याने तोंड आणखी कोरडं पडतं. लिंबू आणि ग्लिसरीनचे बोळेही कोणीतरी सुचवले. त्यांनी क्षणभर बरं वाटतं, पण आम्ल झोंबतं आणि मागाहून कोरड वाढते.

मध्यरात्री ती कण्हली की जाग येण्याआधीच चमच्याने पाणी घालायचा मोह होतो. ते करू नये. गुंगीतल्या माणसाचं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. मी आधी तिला पूर्ण जागी करून बसवायचे, मग घोट द्यायचे. उठायची ताकद नसली तर गॉझ पाण्यात बुडवून नीट पिळून जीभ आणि गालाच्या आतून फिरवायचे. त्याने लगेच आराम पडायचा.

ओठांची गंमत अशी की जितके जास्त चाटाल तितके जास्त फाटतात. थुंकी वाळताना ओठाची उरलीसुरली ओल घेऊन जाते. आईला ही सवय होती आणि तापात ती वाढली. मी आधी ओलं, मऊ फडकं काही मिनिटं ओठांवर ठेवायचे, मग पुसून न टाकता त्या ओलसर ओठांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. जेली स्वतः ओल देत नाही, असलेली अडवून धरते, म्हणून कोरड्या ओठावर थापून तेवढा उपयोग होत नाही. झोपण्यापूर्वीचा थर जरा जाड. सुटलेले पापुद्रे ओढायचे नाहीत, ते भिजून आपोआप पडतात. थंडगार वाटणारे मेंथॉल-कापराचे बाम फाटलेल्या ओठांना त्रासच देतात. घरी ऑक्सिजन लावलेला असेल तर मात्र पेट्रोलियम जेली वापरू नये, पाण्याचा आधार असलेली जेली विचारून घ्यावी.

नाक मोकळं झालं तशी पहाटेची चिकट लाळ कमी झाली, मधली भेगही भरली. जिवणीच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या चिरा तेवढ्या हटेनात. त्या कोरड्या नव्हत्या, लालसर आणि ओलसर होत्या. जेलीने काहीच फरक पडेना म्हणून पुन्हा दाखवलं. आईला खालची कवळी आहे, आणि आजारपणात ती काढायचा कंटाळा करून ती कवळीसकट झोपत होती. कोपऱ्यांत बुरशी झाली होती. डॉक्टरांनी बुरशीविरोधी मलम दिलं आणि गालाच्या आत, टाळूवर पांढरे डाग आहेत का तेही पाहिलं. ते नव्हते. असते तर तोंडाच्या आतलं औषधही लागलं असतं. तेव्हापासून कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवली जाते. आई रोज कुरकुरते आणि काढून देते.