जावळानंतरची टाळू

“जावळ काढून दीड महिना झाला, पण केस कुठे दाट तर कुठे विरळ येतायत. पुन्हा एकदा वस्तरा फिरवावा का? टाळूला काय लावावं?”

वस्तरा फिरवण्याआधी त्या विरळ जागेवरून बोट फिरवून पाहा, असे मी सांगते, कारण माझ्या लेकीच्या वेळी मी ते केले नव्हते.

तिचे जावळ अकराव्या महिन्यात, मामाच्या मांडीवर, रीतसर निघाले. ती सारखी मान हलवत असल्यामुळे उजव्या कानामागे वस्तरा जरासा लागला. घरच्या रिवाजाप्रमाणे आम्ही लगेच हळद-चंदनाचा लेप थापला. तो वाळून ताणू लागला आणि रात्रभर पोर रडली. आता कोणी विचारले की मी सांगते, की पहिले दोन-तीन दिवस कोमट पाण्याने डोके धुवावे, मऊ पंच्याने टिपून घ्यावे आणि ओरखड्यावर काहीही थापू नये. खपल्या पडून गेल्यावर खोबरेल तेलाचे चार थेंब तळहातावर चोळून फिरवले तरी पुरते. तेल निथळेपर्यंत लावले की उन्हाळ्यात घामाबरोबर ते साचते आणि केसांच्या मुळाशी बारीक पुटकुळ्या येतात. बाहेर नेताना सैल सुती टोपरे मात्र हवेच, कारण इतके दिवस केसांखाली झाकलेली त्वचा उन्हाने लवकर भाजते.

केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे दीड महिन्यात फार तर बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढे दिसतील. वस्तऱ्याने मुळे वाढत नाहीत. ती जन्माआधीच ठरलेली असतात. जन्माच्या केसाचे टोक निमुळते असते आणि कापलेल्याचे बोथट, शिवाय सगळे एकदम उगवू लागतात, म्हणून जावळानंतर केस राठ आणि एकसारखे भासतात. जावळ काढल्याने केस दाट येतात हे आजीचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे. मागच्या बाजूला उशीवर घासून पडलेले विरळ चट्टे बाळ बसू-रांगू लागले की आपोआप भरतात, त्यांना दुसऱ्या वस्तऱ्याची गरज नसते.

लेकीच्या कानामागची जागा मात्र निराळी होती. तीन आठवड्यांनी तिथे रुपयाएवढा गोल दिसू लागला, पण केस मागून येतात म्हणून आम्ही तेल चोळत राहिलो. शेवटी बोट लावले तर तिथे कोंड्यासारखी पांढरी पापुद्री होती आणि केस मुळाशी तुटून काळे ठिपके राहिले होते. त्वचारोगतज्ज्ञांनी तो डोक्याचा नायटा असल्याचे सांगितले. अशी बुरशी न धुतलेल्या वस्तऱ्यावरून येऊ शकते, तशीच दुसऱ्या मुलाच्या टोपीवरूनही. ती केसाच्या मुळात शिरलेली असल्यामुळे मलम तिथवर पोहोचत नाही; सहा आठवडे पोटातून औषध द्यावे लागले, आणि केस त्यानंतर दोन महिन्यांनी बाकीच्यांच्या बरोबरीला आले.

तुमच्या बाळाची विरळ जागा गुळगुळीत असेल, तर थांबा. पापुद्री, ठिपके किंवा खाज असेल, तर तेल बंद करून डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर त्याचे टोपरे-उशी वेगळी ठेवा.