तरंगती फळी: सळया भिंतीत पक्क्या, पाणसळ जमली

फळी ९०० मिमी लांब, २०० खोल आणि ४० जाड, सागाची. आत १२ मिमीच्या तीन पोलादी सळया. या कामात खरी अडचण वजनाची नसते, कोनाची असते. सळई एक अंश जरी खाली झुकली तरी २०० मिमी पुढे फळीची कड साडेतीन मिमी खाली जाते, आणि तेवढं डोळ्याला लगेच खुपतं.

म्हणून आधी भिंत आणि मग फळी, हाच क्रम ठेवला. विटेत ड्रिल कितीही जपून चालवलं तरी बिट सांध्याकडे ओढलं जातंच. फळीत मात्र भोक हवं तिथे पाडता येतं. भिंतीत १४ मिमीची भोकं घेतली, खोली ११५ मिमी. त्यातलं पहिलं १५ मिमी प्लास्टर हिशेबात धरायचं नाही, ते ठिसूळ असतं आणि भार आला की कडेने चुरतं. नंतर ब्रश फिरवून आणि फुंकून भोकातली पूड काढली, पुन्हा ब्रश, पुन्हा फुंकर. पूड राहिली तर इपॉक्सी विटेला न धरता पुडीलाच धरतं.

खुणा टेपने मोजून फळीवर घेतल्या नाहीत. सळया नुसत्या भोकांत सरकवल्या, पुठ्ठ्याची पट्टी त्यांच्यावरून भिंतीला टेकेपर्यंत दाबली आणि तीच फळीच्या मागच्या कडेवर ठेवून केंद्रं उमटवली. सळईच्या टोकावरून खूण घेऊ नये. सैल भोकात टोक डुलतं, भिंतीलगतची जागा डुलत नाही.

फळीतली भोकं साडेबारा मिमीची, १५० खोल. वर-खाली जेमतेम १४ मिमी लाकूड उरतं, त्यामुळे बिट तिरकं गेलं की थेट पृष्ठभागाकडे निघतं. उभ्या ड्रिलवर सरळ भोक पाडलेला ५० मिमी जाड ठोकळा कडेला क्लॅम्प केला आणि त्यातूनच लांब बिट घातलं. दर दोन-तीन सेंटिमीटरला बिट बाहेर काढून भुसा झटकला. मग सळई भोकात घालून कडेशी गुण्या लावला. तिन्ही काटकोनात बसल्या.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. इपॉक्सी भरून सळया भिंतीत घातल्या आणि ते ओलं असतानाच फळी त्यांच्यावर चढवली. सळया एकमेकींना समांतर ठेवायचं काम फळीच करते, वेगळा साचा लागत नाही. फळी चिकटू नये म्हणून तिच्या मागच्या कडेवर पॅकिंग टेप आणि सळयांच्या बाहेरच्या भागावर मेणाचा हात. पुढच्या कडेखाली टेकू देऊन ती पाणसळीपेक्षा मिलिमीटरभर वर ठेवली, कारण भोकातल्या अर्धा मिमी ढिलेपणामुळे भार आल्यावर पुढची कड साधारण तेवढीच खाली येते.

सुकल्यावर टेकू काढला. बुडबुडा मध्यावर आहे. फळी उतरवून ठेवली आहे, पॉलिश बाकी. ते झालं की फक्त सरकवणार, चिकटवणार नाही, म्हणजे भिंत रंगवताना काढता येईल.