काळ्या केसांवर सोनेरी रंग का बसत नाही

“काळे केस सोनेरी केले की फोटोतली मुलगी विग घातल्यासारखी का दिसते? रंग तर आम्ही बरोबरच निवडतो.”

म्हापसा, फोंडा, मडगाव इथल्या छायाचित्रकारांकडून आणि अल्बम करणाऱ्यांकडून मला हे वारंवार विचारले जाते. अनेकदा तुमचा रंग खरोखरच बरोबर असतो, पण तो ज्या उजेड-सावलीवर बसवला जातो ती अजून काळ्या केसांचीच राहिलेली असते. हे पडताळून पाहायचे असेल, तर फोटोशॉपमध्ये तयार झालेल्या फोटोवर एक कृष्णधवल लेयर टाकून पाहावे. रंग निघून गेल्यावरही त्या मुलीचे केस फिकट वाटले पाहिजेत. ते काळेच दिसत असतील, तर वर कितीही सुरेख मधाळ छटा चढवली तरी पाहणाऱ्याला काहीतरी खटकत राहते, मग त्याला कारण सांगता येवो न येवो.

काळ्या आणि सोनेरी केसांत उजेड वेगवेगळ्या रीतीने वागतो, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते. काळ्या केसात मेलॅनिन भरपूर असते, त्यामुळे केसाच्या आत शिरलेला उजेड जवळजवळ सगळा तिथेच शोषला जातो. आपल्याला दिसते ती केवळ वरच्या पृष्ठभागावरून परतलेली चमक, आणि त्या चमकेला केसाचा रंग नसून उजेडाचा रंग असतो. म्हणूनच मोकळ्या आकाशाखाली उभ्या असलेल्या मुलीच्या काळ्या केसांवर निळसर पट्टा दिसतो. सोनेरी केसात उजेड आत शिरतो, मागच्या भिंतीवरून परततो आणि रंग घेऊन बाहेर येतो. त्यामुळे तिथे दोन चमका असतात: एक पृष्ठभागावरची, अरुंद आणि जवळजवळ रंगहीन, दुसरी आतून आलेली, रंगीत, थोडी रुंद आणि केसांच्या मुळांकडे किंचित सरकलेली. केसावरचे खवले टोकाकडे कललेले असल्यामुळे या दोन चमका वेगळ्या जागी पडतात. स्टीव्ह मार्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली हे मोजून मांडले, आणि संगणकावर केस रंगवणारी पुष्कळ सॉफ्टवेअर आजही त्याच मांडणीवर उभी आहेत. शिवाय सोनेरी केसांच्या झुपक्यात उजेड एका केसातून दुसऱ्यात जात राहतो, त्यामुळे दोन बटांमधली सावलीसुद्धा काळी न राहता उबदार तपकिरी होते.

आता Hue/Saturation मधला Colorize काय करतो ते पाहा. तो सगळ्या केसांना एकच छटा देतो आणि उजेडाची पातळी होती तशीच ठेवतो, म्हणून केस गंजासारखे तपकिरी होतात. मग Lightness वाढवले जाते. त्याने केसांवर पांढरट पडदा चढतो, सावल्या राखाडी होतात आणि बटांची खोली नाहीशी होते. विग दिसतो तो इथे.

फोंड्याच्या एका ब्युटी पार्लरच्या फलकासाठी मी केलेले काम उदाहरण म्हणून घेतो. त्यांना मधाळ सोनेरी केसांची मुलगी हवी होती आणि फोटो काळ्या केसांच्या मुलीचा होता. तो मिरामारच्या किनाऱ्यावर उतरत्या दुपारी काढलेला होता. ऊन उजवीकडून येत होते आणि मागे उजळ आकाश होते. सुदैवाने छायाचित्रकाराने मूळ रॉ फाइल ठेवली होती. काम सुरू करण्याआधी मी 0 ते 255 या मापावर आकडे वाचले. बटांच्या खोल फटींत साधारण 10, उन्हाकडच्या केसांत 38, सावलीकडच्या केसांत 24, आणि टाळूवरच्या चमकेत 150. चेहऱ्याचेही आकडे घेतले, कारण केस खरे दिसतात ते चेहऱ्याच्या तुलनेत: उन्हाकडचा गाल 190, सावलीतला 110. त्या त्वचेशेजारी मधाळ केस उन्हाच्या बाजूला 125 च्या आसपास असावेत, असा मी अंदाज बांधला.

केसांचा मास्क करून पहिला लेयर Curves चा घेतला. 10 ला 42 वर नेले, 32 ला 120 वर, आणि 150 ला 215 वर. यातले मर्म असे की गडद भाग कितीतरी वर जातो आणि चमक त्या मानाने थोडीच. काळ्या केसांत चमक आजूबाजूच्या केसांपेक्षा फार वेगळी उठून दिसते. सोनेरी केसांत ती आसपासच्या उजळपणात मिसळते. सगळे सारख्या प्रमाणात उजळले असते, तर टाळूवर पांढराफटक पट्टा उरला असता आणि सोनेरी केसांना लाखेच्या बाहुलीची तकाकी आली असती.

याची किंमतही मोजावी लागते. वक्राचा डावा भाग इतका चढा आहे की गडद भागातला प्रत्येक फरक जवळपास साडेतीनपट होतो, आणि त्याबरोबर तिथले नॉइजही तितकेच वाढते. जेपेग फाइलमध्ये त्या भागात मुळात मोजक्याच पातळ्या असतात. त्या ताणल्या की केसांऐवजी चौकटी आणि पट्टे दिसू लागतात. म्हणून हे काम 16 बिटमध्ये आणि रॉ फाइलवरूनच करावे, आणि नॉइज आधी कमी करून घ्यावे.

रंग त्यानंतर. वरच्या लेयरला Gradient Map घेऊन त्याचा मोड Color ठेवला, म्हणजे उजेडाची पातळी खालच्या वक्राने ठरवलेली राहते आणि आकाशाचा निळेपणाही निघून जातो. डाव्या टोकाला लालसर तपकिरी #3A2212, मध्ये मध #A87B42, त्यापुढे गवताचा फिका रंग #E6CB95, आणि उजव्या टोकाला जवळजवळ पांढरा #FBF0D8. सावलीत छटा लालीकडे आणि उजेडात पिवळ्याकडे सरकते, तसा रंगाचा गडदपणाही उजेडाकडे कमी होत जातो. एकाच सोनेरी रंगाने हे साधत नाही.

इथपर्यंत आल्यावर पुष्कळजण थांबतात, पण डोक्याचा गोलावा अजून परत आलेला नसतो. आकडेच पाहा. वक्रानंतर उन्हाकडचे केस 125 वर आले, पण सावलीकडचे 92 वर. गालांचे प्रमाण पाहिले तर 190 ला 110, म्हणजे 125 ला साधारण 72. काळ्या केसांत दोन्ही बाजू अंधारातच असल्यामुळे हा फरक मूळ फोटोत नीट नोंदलाच गेलेला नव्हता. तो हाताने परत घालावा लागतो. त्यासाठी मी Multiply मोडचा लेयर घेतला, #5A3A22 हा तपकिरी रंग आणि 5 टक्के फ्लोचा मऊ ब्रश. डावी बाजू, कानामागचा भाग, मानेवरचा भाग आणि खांद्यावर पडलेल्या बटेखालची सावली हळूहळू भरत गेलो आणि मधूनमधून आकडा वाचत राहिलो. सावली काळ्या रंगाने भरू नये. सोनेरी केसांत काळी सावली मळासारखी दिसते.

मुळांपाशीही हीच सावली ठेवली. पार्लरमध्ये रंगवलेले केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात आणि खाली मूळचा गडद रंग दिसू लागतो. कित्येक कलाकार ही गडद मुळे मुद्दाम राखतात, कारण आपल्याकडच्या त्वचेशी त्याने मेळ बसतो. भांगापासून टोकापर्यंत एकसारखे पिवळे केस ही नकली कामाची मला सर्वांत लवकर दिसणारी खूण आहे. भुवया त्याच न्यायाने काळ्याऐवजी गडद तपकिरी केल्या, त्याहून फिक्या नाहीत.

चमकेचे काम मी शेवटी करतो, आणि त्यात मला सर्वांत आनंद वाटतो. टाळूवरची जुनी चमक ही पहिली, पृष्ठभागावरची. ती जागेवर ठेवून फक्त थोडी मवाळ केली. दुसरी रंगीत चमक मूळ फोटोत असणे शक्यच नव्हते, ती नव्याने घालावी लागली. Soft Light मोडच्या लेयरवर #E0A850 हा रंग घेऊन, पहिल्या चमकेच्या जरा वर, मुळांच्या दिशेला, रुंद पण फिक्या फटकाऱ्यांनी ती रंगवली. तिचा अखंड पट्टा करायचा नसतो. प्रत्येक बट वळते तिथे चमक तुटते, पुढच्या बटेवर थोडी वर किंवा खाली पुन्हा सुरू होते. फटींमध्ये हा उजेड सांडू नये म्हणून Blend If मध्ये Underlying Layer चा काळा स्लायडर Alt दाबून 60 आणि 110 असा फोडला, म्हणजे गडद जागा आपोआप वगळल्या गेल्या. मग दोन-तीन पिक्सेलच्या ब्रशने काही सुटे केस ओढले, काही फिके आणि काही तपकिरी, नेहमी मुळाकडून टोकाकडे आणि शेवटी निमुळते. हे केस थोडेच असावेत, आणि दोन बटा एकमेकींवरून जातात तिथेच.

कडेचे उडते केस हा स्वतंत्र प्रश्न आहे. आकाशासमोर ते काळ्या रेषांसारखे दिसत होते, आणि इतक्या बारीक रेषांचा मास्क करायला गेले की भोवती उजळ कड उमटते. त्यापेक्षा Lighten मोडचा कोरा लेयर घेऊन त्यावर फिका तपकिरी रंग ओढावा. या मोडमध्ये त्या रंगाहून गडद असलेलेच बदलते, त्यामुळे काळे केस फिके होतात आणि आकाश तसेच राहते. उन्हाच्या बाजूचे काही केस आणखी उजळ केले, कारण सोनेरी केसांतून उजेड आरपार येतो.

प्रत्येक फोटोवर हे होत नाही. लग्नाच्या रात्री समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत केस बहुधा 0 ते 4 या पातळीत अडकलेले असतात. तिथे उजळायला बटाच नसतात आणि सगळे केस मुळापासून रंगवावे लागतात. फलकाच्या आकाराला तो हात लगेच दिसतो. असा फोटो आला तर मी पुन्हा काढायला सांगतो: बाजूने किंवा मागून केसांवर एक मऊ दिवा, केसांच्या गडद भागातही बटा सुट्या दिसतील इतके एक्स्पोजर, चेहरा जळणार नाही याची खबरदारी, आणि फाइल रॉ.