खोडाचा काप म्हणजे चाक नव्हे

आमच्या सुतारकामाच्या कारखान्यात प्रदर्शनांसाठी जुन्या वस्तूंच्या प्रतिकृती करतो. परवा एका विज्ञान दालनाच्या मॅडम आल्या. त्यांना जगातलं सर्वात जुनं लाकडी चाक हवं होतं. कागदावर चित्रही होतं, खोडाचा गोल काप आणि मधे भोक. "मिस्त्री, जाड खोड आणा आणि करवतीनं काप काढा, अर्ध्या दिवसाचं काम आहे."

मी काही न बोलता कोपऱ्यातला बाभळीचा काप त्यांच्यासमोर ठेवला. कापला तेव्हा तो अखंड गोल होता. वाळता वाळता काठापासून गाभ्यापर्यंत असा उलला होता की फटीत बोट जावं. लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेनं जेवढं आकसतं, तेवढं गाभ्याकडे आकसत नाही, जवळपास निम्मंच. ताण काठावर येतो आणि काप त्रिज्येवर फाटतो. त्यातून न उललेला काप मिळाला, तरी त्याचे तंतू आसाच्या दिशेनं, चाकाच्या एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे गेलेले असतात. काठावर भार आणि धक्के बसले की त्याच तंतूंच्या रेषेनं ढलप्या निघतात.

"मग ते लोक करायचे तरी कसं?"

स्लोव्हेनियात ल्युब्लियानाजवळच्या दलदलीत 2002 साली एक चाक सापडलं. पाच हजार वर्षांहून जुनं, आसासकट. चिखलात हवा नसल्यामुळे लाकूड टिकलं. व्यास साधारण 72 सेंटिमीटर. ते काप नाही, खोड उभं फोडून काढलेल्या दोन फळ्या आहेत, ॲश नावाच्या झाडाच्या. मॅडमना म्हटलं, हेच करू. आमच्याकडे तो वृक्ष नाही, म्हणून सागवान घेतलं.

खरं कौतुक या दोन फळ्यांच्या जोडणीचं आहे. मागच्या पिढीतले बैलगाड्यांची चाकं बांधणारे आबा त्या दिवशी माझ्या शेजारी बसले होते. दोन्ही फळ्यांवरून आडव्या चार खाचा, तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद. त्यांत तशाच आकाराच्या ओकच्या पट्ट्या बाजूनं ठोकत सरकवलेल्या. ना सरस, ना खिळा. पट्टी खाचेतून वर निघू शकत नाही, म्हणून फळी वाकत नाही. पण पट्टीच्या लांबीत फळीला आकसायला-फुगायला वाव राहतो. सरस लावून जखडलं असतं तर पहिल्या उन्हाळ्यातच फळी चिरली असती. आबांनी पट्टी हातानं सरकवून पाहिली, परत काढली, आणि म्हणाले, "हे करणाऱ्याला लाकूड कळत होतं बाबा. आम्ही चाकावर लोखंडी धाव चढवून सगळं आवळायचो. याच्याकडे लोखंड कुठलं?"

मधलं भोक चौकोनी. म्हणजे आस चाकात पाचरीनं घट्ट बसतो आणि चाकाबरोबर फिरतो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं, पण दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, त्यामुळे एक चाक जमिनीवर घासतं. लहान, हळू गाडीला ते चालतं.

चाक पहिल्यांदा कुणी केलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. इ.स.पू. 3500च्या सुमारास पोलंडमधल्या ब्रोनोचित्से इथल्या मडक्यावर गाडीची चित्रं दिसतात, आणि जवळपास त्याच काळात मेसोपोटेमियात उरुकच्या मातीच्या पाट्यांवर चाकाच्या गाडीची खूण येते.

मॅडमनी पुढचा प्रश्न बरोबर विचारला: इतकं डोकं होतं, तर आरे का नाही केले? उत्तर आबांनी दिलं. आरा म्हणजे दोन टोकांची दोन भोकं, एक तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडात, आणि एक पुठ्ठ्यात, म्हणजे काठाच्या गोल लाकडात. सगळी भोकं खोल, अरुंद आणि एका कोनात हवीत. एक जरी तिरकं गेलं तर चाक डुलतं, सांधे ढिले होतात. दगडाच्या आणि मऊ तांब्याच्या हत्यारांनी ते जमणं कठीण. शिवाय बैल हळू चालतो, वजन कमी करायची घाई नव्हती.

ती घाई घोड्यांनी आणली. रशियातल्या उरल पर्वताच्या दक्षिण भागात, सिंताश्ता संस्कृतीच्या थडग्यांत इ.स.पू. 2000च्या सुमारास रथ पुरलेले सापडले. लाकूड कुजून गेलं, पण चाकं बसवायला खणलेल्या खळग्यांत आऱ्यांचे ठसे मातीत राहिले. तिथे कांस्याची हत्यारं होती. भरीव चाकांनंतर हजाराहून अधिक वर्षांनी आरे आले.

आणि आल्यावर भरीव चाक संपलं असंही नाही. आपल्या प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 साली सापडलेल्या कांस्याच्या बैलजोडीच्या रथाची चाकं भरीवच आहेत. बैलाला भरीव चाक पुरत होतं.

मॅडमनी खोडाचा काप काढायचा बेत सोडला. आमचा उललेला बाभळीचा काप मात्र त्या मागून घेऊन गेल्या, प्रतिकृतीशेजारी मांडायला. आता आऱ्यांचं चाक करायला घेतलं आहे. तुंब्यातली भोकं पाडायला आबांनाच बसवणार आहे.