खालचा तो एक दात

"डॉक्टर, दोन वर्षं तारा लावल्या, दात सरळ झाले, आता परत हे रिटेनर कशाला? आणि किती दिवस घालायचं?"

तारा काढायच्या दिवशी हे हमखास विचारलं जातं, आणि नेमकं तेव्हा मी काय सांगते ते कुणी ऐकत नसतं, कारण पेशंट मोबाईलच्या कॅमेऱ्यात स्वतःचे दात बघण्यात गुंग आणि आई बिलाच्या काउंटरवर. म्हणून तुम्ही विचारलंत तर आज निवांत सांगते. रिटेनर म्हणजे सरळ केलेले दात त्या जागी धरून ठेवणारं साधन.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पातळ थर असतो, पाव मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि दात त्या तंतूंवर टांगल्यासारखा असतो. तारेने आम्ही दात हळूहळू ढकलतो तेव्हा ज्या बाजूला दाब येतो तिथलं हाड विरघळत जातं आणि मागच्या बाजूला नवीन भरत येतं. ज्या दिवशी तारा निघतात त्या दिवशी हे नवीन हाड कच्चंच असतं, तंतूंचा थर रुंदावलेला असतो, बोटाने दाबलं तर दात किंचित हलतोसुद्धा. हे सगळं बसायला तीन-चार महिने पुरतात. तेवढंच असतं तर मीही म्हटलं असतं की सहा महिन्यांनी टाका कपाटात.

खरी भानगड हिरडीत आहे. हाडाच्या वर, दाताच्या मानेभोवती, हिरडीत रबरासारखे ताणले जाणारे तंतू असतात. वाकडा फिरलेला दात आम्ही गोल फिरवून सरळ केला की हे तंतू त्याच्याबरोबर पिळले जातात, दोघांनी दोन टोकं धरून धुतलेली चादर पिळावी तसे, आणि हा पीळ सुटायला वर्ष जातं, कधी त्याहून जास्त. तोपर्यंत ते दाताला जुन्या जागी ओढत राहतात. म्हणून पुढे-मागे सरकवलेल्या दातापेक्षा फिरवलेला दात जास्त दगा देतो. फारच फिरलेला असेल तर मानेभोवतीचे हे तंतू भूल देऊन कापतातही, ऐकायला भयंकर वाटतं पण छोटंसंच काम असतं.

आता माझं स्वतःचं. सोळाव्या वर्षी मला तारा लागल्या, अठराव्याला निघाल्या आणि हॉलीचं रिटेनर मिळालं, म्हणजे टाळूला बसणारी गुलाबी अ‍ॅक्रिलिकची प्लेट आणि दातांसमोरून जाणारी तार, खालच्या जबड्याला जिभेच्या बाजूने घोड्याच्या नालासारखी. ते घालून "स" म्हणताना शिट्टी वाजायची. कॉलेजात कोण घालतंय, आठेक महिन्यांनी सोडून दिलं. पुढे बीडीएसच्या सेकंड इयरला आम्ही एकमेकांच्या दातांची मापं घ्यायचो, मैत्रिणीने माझं घेतलं, प्लास्टर ओतलं, आणि ते पांढरं मॉडेल हातात घेऊन बघतेय तर खालच्या पुढच्या चार दातांतला एक खांदा पुढे काढून उभा, शेजारच्यावर चक्क चढलेला! रोज आरशात बघत होते आणि कधी दिसलं नव्हतं. घरी जाऊन आईच्या कपाटातलं तारा लावायच्या आधीचं मॉडेल शोधलं आणि दोन्ही शेजारी ठेवली, तेव्हा कळलं की तेव्हा तो ज्या बाजूला फिरलेला होता त्याच बाजूला परत निघालाय.

खालचे पुढचे दात असे का, याला आणखी एक कारण आहे, वय. वयाबरोबर खालची पुढची कमान थोडी आवळत जाते, आयुष्यात कधी तारा न लावलेल्यांचीसुद्धा. आजोबांचे खालचे दात बघा. लोक अक्कलदाढेला दोष देतात, पण ज्यांना अक्कलदाढ आलीच नाही त्यांचेही दात असेच गर्दी करतात. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मंडळींनी 1981 साली एक अभ्यास छापला होता, पुढच्या छोट्या दाढा काढून तारा लावलेल्या 65 जणांचा, रिटेनर बंद करून निदान दहा वर्षं झालेल्या, त्यात खालचे दात समाधानकारक राहिलेले 30 टक्क्यांपेक्षा कमी निघाले. म्हणून "किती दिवस" याला माझं उत्तर असं की पहिले सहा महिने जेवण आणि ब्रश सोडून दिवसरात्र, मग रोज रात्री, आणि नंतर जोवर दात असे सरळ हवेत तोवर रात्री. हे ऐकून आया माझ्याकडे अशा बघतात जणू मी महिन्याचा हप्ता लावलाय.

आता एक केस. इंजिनिअरिंगचा मुलगा, पुण्यात हॉस्टेलला, वरच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचा एक दात मुळात चांगलाच फिरलेला होता. पारदर्शक रिटेनर दिलं. मेसमध्ये जेवताना काढून टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवलं आणि ताटाबरोबर गेलं कचऱ्यात (रिटेनर हरवतात त्यातले बहुतेक असेच जातात, डबी खिशात ठेवा हो). घरी बोलणी बसतील म्हणून गप्प, दिवाळीला आला तेव्हा सात आठवडे झालेले आणि दात दहा अंशांच्या आसपास परत फिरलेला. पहिल्या आठवड्यात नुसता फोन केला असता तरी चाललं असतं, कारण शेवटच्या दिवशीचं स्कॅन माझ्याकडे होतं, त्यावरून तेच रिटेनर परत करता येतं. आता मात्र जुन्या स्कॅनवरचं बसणार नाही आणि आजच्या तोंडाचं माप घेऊन केलं तर ते वाकडा दात वाकडाच धरून ठेवणार. मग अलाइनरचे, म्हणजे दात हळूहळू सरकवणाऱ्या पारदर्शक साच्यांचे, पाच ट्रे केले, एका ट्रेमध्ये साधारण दोन अंश, ट्रेला पकड मिळावी म्हणून दातावर फिलिंगच्या मटेरियलचा छोटा उंचवटा, आणि फिरायला जागा हवी म्हणून दोन्ही बाजूंनी इनॅमल जेमतेम 0.2 मिलिमीटर घासलं. दहा दिवसांना एक ट्रे, म्हणजे पन्नास दिवस, आणि खर्च रिटेनरच्या कितीतरी पट.

घरी ओळखायचं कसं? रात्री घालताना घट्ट वाटलं आणि सकाळी सैल झालं, तर दात सरकायला लागलेत पण रिटेनर त्यांना परत आणतंय, मग काही दिवस दिवसासुद्धा घाला. पण पारदर्शक रिटेनर पूर्ण दाबूनही एखाद्या दाताच्या टोकाशी फट दिसत असेल तर चावून-चावून बसवू नका, ते तडकतं आणि दात दुखतो, सरळ दाखवायला या. गरम पाण्याने धुवू नका, एका काकूंनी उकळत्या पाण्यात टाकलं आणि त्याचं पापडासारखं झालं.

माझ्या खालच्या दाताला पुढे मी परत तारा लावल्या आणि आता सुळ्यापासून सुळ्यापर्यंत आतल्या बाजूने बारीक तार चिकटवलेली आहे. ही लावली की सुटलो असं नाही हं. एका दातावरचा चिकटवलेला ठिपका सुटला तर तार दिसायला जागेवरच असते, आणि तेवढा एकच दात आतल्या आत फिरत जातो. शिवाय तिच्यामागे टार्टर साचतं, फ्लॉस वरून जात नाही, तारेखालून सुईसारखा ओवून घ्यावा लागतो. मी रोज रात्री जिभेने तार चाचपून बघते, कुठे टोक खुपतंय का, कुठे हलतंय का, आणि वरचं रिटेनर घालून झोपते.